बाराव्या घरातला गुरू

नोंदवहीचं पान उलटून कारकूनबाईंनी ओळीवर पट्टी ठेवली आणि म्हणाल्या, "हे बघा. मुलगा. वजन पावणेपाच पौंड. वेळ दुपारी बारा अठ्ठावन्न." तिला वाटलं, आपण नीट ऐकलं नाही. दिवसभर लोकांचे कान तपासण्यात तिची सव्वीस वर्षं गेली होती आणि स्वतःच्या कानांवर तिचा विश्वास होता, तरी तिने पुन्हा विचारलं. बाईंनी पट्टी जराही न हलवता पुन्हा तेच सांगितलं. बारा अठ्ठावन्न. दादाची, तिच्या थोरल्या भावाची, जन्मवेळ बारा एक्केचाळीस होती. घरात कुणाला वाढदिवस आठवला नसता तरी ही वेळ आठवली असती. लहानपणी पाढ्यांबरोबर पाठ झालेली. "चुकून दुसऱ्या कुणाची ओळ..." असं ती म्हणाली तेव्हा बाईंनी आईचं नाव वाचून दाखवलं, वडिलांचं, म्हणजे नानांचं वाचून दाखवलं, राहता पत्ता वाचून दाखवला. मग काहीतरी पुटपुटत समासात डोकं घातलं. "याचा उतारा आधी एकदा दिलेला आहे की. एकतीस वर्षांपूर्वी. ही सही कुणाची, ओळखता?" समासात आडवी, फिकट निळी सही होती. शेवटच्या अक्षराची शेपटी वर वळवून खाली टिंब द्यायची दादाची सवय. तेव्हा तो एकोणीस वर्षांचा होता.

ती तिथे आली होती ती अगदी कोरड्या कामासाठी. दादाला जाऊन सहा आठवडे झाले होते आणि पाणीपुरवठा खात्याच्या कार्यालयाने त्याच्या सेवापुस्तकातली जन्मतारीख एका दिवसाने चुकल्याचं कळवलं होतं. प्रसूतिगृहाचा मूळ उतारा आणा, मग कागद बंद होतील. माणूस गेल्यावरही त्याचे कागद काही दिवस चालत राहतात, हे तिला आईच्या वेळेपासून ठाऊक होतं. उतारा घेऊन, घडी न मोडता पिशवीत ठेवून ती बाहेर पडली आणि बसथांब्याकडे जायच्याऐवजी उलट्या दिशेला चालू लागली. दुपार टळत होती. दुकानांच्या पायऱ्यांवर ऊन होतं. एक माणूस शिडीवर चढून पाटीवरची अक्षरं रंगवत होता आणि खालून दुसरा त्याला "डावीकडे, अजून डावीकडे" असं सांगत होता. सतरा मिनिटं, ती मनाशी म्हणाली. सतरा मिनिटांत काय होतं? दूध उतू जातं. एका रुग्णाचे दोन्ही कान तपासून होतात. आणि लग्न बदलतं.

लग्न म्हणजे जन्माच्या क्षणी पूर्वेच्या क्षितिजावर जी रास उगवत असेल ती. हे तिला सहाव्या-सातव्या वर्षी कळलं, तेही जेवणाच्या टेबलावर. नाना शाळेत गणित शिकवायचे आणि घरी पत्रिका मांडायचे. पैसा न घेता, नुसत्या गणिताच्या ओढीने. त्यांना भाकितांपेक्षा त्रैराशिक प्रिय. ते टेबलाच्या चार पायांना हात लावून सांगायचे, हे पहिलं घर, हे चौथं, हे सातवं, हे दहावं. ही चार केंद्रं. घर या चार पायांवर उभं असतं. आता पाच ग्रह घ्या. मंगळ मेषेत, वृश्चिकेत नाहीतर मकरेत असून यातल्या एका पायावर बसला, की रुचक. माणूस शूर, ताठ. बुध मिथुनेत किंवा कन्येत, तर भद्र. बुद्धी आणि वाचा. शुक्र वृषभेत, तुळेत किंवा मीनेत, तर मालव्य. सुख, कला, वाहन. शनी मकरेत, कुंभेत किंवा तुळेत, तर शश, हाताखाली माणसं. आणि गुरू धनूत, मीनेत किंवा कर्केत असेल तर, इथे नाना थांबायचे, चष्मा काढायचे आणि दादाकडे बघायचे, तर हंस. ज्ञानी, सात्त्विक, लोक ज्याचं ऐकतात असा. ग्रह स्वतःच्या नाहीतर उच्च राशीत हवा आणि केंद्रात हवा, दोन्ही हवं. राशीने मोठा असून कोपऱ्यात बसला तर उपयोग नाही. हे पंचमहापुरुष योग. दादाचा गुरू कर्केत, पाच अंशांच्या आसपास, म्हणजे उच्चातही परमोच्च, वक्री नाही, अस्तंगत नाही, आणि लग्न कर्केचंच. गुरू थेट पहिल्या घरात. दादा मान खाली घालून भात कालवत बसायचा. आई त्याच्या पानात तूप वाढायची. ती विचारायची, "नाना, माझ्यात काय आहे?" "तुझा बुध आहे दशमात, मिथुनेचा. भद्र आहे." एवढंच. मग नाना पुन्हा गुरूकडे वळायचे. दादा मात्र तेव्हापासून तिला बुधाबाई म्हणू लागला. हिशोब अडला की, "बोलवा बुधाबाईंना." तिला ते आवडायचं. घरात महापुरुष एकच असतो, हे तिने कधी कुणी न सांगता मान्य करून टाकलं होतं.

ती एका बागेच्या कठड्यापाशी थांबली. बाकावर बसावंसं वाटलं, पण बसलो तर उठणार नाही असं वाटून उभीच राहिली. एकोणीस. दादाचं ते वर्ष तिला आठवत होतं, कारण त्या वर्षी तिची शाळेची मोठी परीक्षा होती आणि घरात तिच्या परीक्षेपेक्षा दादाच्या अर्जाचं जास्त झालं होतं. दादा पदवीच्या पहिल्या वर्षाला रसायन घेऊन बसला होता आणि त्याला ते जमत नव्हतं. त्याला यंत्रं आवडायची. सायकलची चेन, गिरणीचा पट्टा, सोसायटीच्या गच्चीवरचा पंप. हात काळे झाले की चेहरा उजळायचा. कॉलेजातला त्याचा कुणी मित्र पत्रिका बघायला शिकत होता; त्याने दादाची बघून म्हटलं होतं, राशीकुंडलीत हंस आहे खरा, पण लग्न अठ्ठावीस अंशांवर आणि गुरू चार-पाच अंशांवर, म्हणजे अंशांनुसार घरं नव्याने आखून भावचलित मांडलं तर गुरू पहिल्यातून मागे सरकून बाराव्यात जातो. दादाने हे जेवताना सांगितलं. नाना चिडले नाहीत. योग राशीकुंडलीवरून बघायचा असतो, चलित भावफळासाठी, असं शांतपणे म्हणाले आणि ताक मागितलं. पण दादाला बहुधा वेळेचीच शंका आली असावी. त्याने त्याच आठवड्यात प्रसूतिगृह गाठलं असणार. एकटाच गेला असेल, सायकलवर. हीच नोंदवही. अशीच पट्टी. कदाचित याच बाई तरुणपणी. बारा एक्केचाळीस ऐवजी बारा अठ्ठावन्न. म्हणजे लग्न कर्केचे उरलेले दोन अंश ओलांडून सिंहेत दोन अंश गेलेलं. सगळे ग्रह जिथल्या तिथे. फक्त घरांची मोजणी एका घराने सरकलेली. परमोच्च गुरू पहिल्यातून थेट बाराव्यात. बारावं म्हणजे व्यय. हंस नाही. चंद्र धनूत, तिथून मोजलं तर कर्क आठवी, म्हणजे चंद्रापासूनही केंद्र नाही. कुठूनच नाही.

आणि तो घरी आला. तिला तो आलेला आठवत होता, की आता ती आठवण रचत होती? नाही, आठवत होता. तो आला, पायपुसण्यावर बराच वेळ उभा राहिला, पायातल्या चपला काढून पुन्हा घातल्या. दोन-तीन दिवस तो नानांकडे असा बघत राहिला, जसं आपल्याला काही विचारायचंय हे विसरलेल्या माणसाने बघावं. मग त्याने यंत्रशाळेच्या अभ्यासक्रमाचा अर्ज आणला, भरला आणि नानांसमोर सहीसाठी ठेवला. नानांनी तो वाचला. "पाना-पकड हातात घेऊन फिरणार? तुझ्या पत्रिकेचा माणूस शिकवतो, सांगतो, लोक येऊन बसतात त्याच्यापुढे. थोडा धीर धर. अठ्ठेचाळीस संपताना गुरूची महादशा लागेल, तेव्हा फळ. तोवर तयारी." आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. दादाने आईकडे पाहिलं. नानांकडे पाहिलं. त्याच्या खिशात त्या क्षणी तो उतारा असेल का? खिशातून कागद काढून टेबलावर ठेवायचा, इतकंच काम होतं. त्याने अर्ज उचलला, चार घड्या केल्या आणि म्हणाला, "बरं."

तिने कठडा घट्ट धरला. तिच्या खोलीत, ध्वनिरोधक पेटीत माणसाला बसवून ती हेडफोन लावते, आणि सांगते, बारीकसा आवाज आला तरी बटण दाबा. काही माणसं आवाज नसतानाही दाबतात. खोटं बोलायचं म्हणून नव्हे. समोरच्या बाईला बरं वाटावं म्हणून. त्यांचे आलेख विचित्र येतात. ऐकू येत नाही तिथेही ऐकू आल्याच्या खुणा. अशा माणसाकडे बघून ती थोडं हसते, पुन्हा पहिल्यापासून सुरू करते. दादाने एकतीस वर्षं बटण दाबलं आणि तिला कळलं नाही.

कळलं तर नाहीच, उलट. हे आठवलं आणि तिचं पाऊल अडखळलं, कारण एव्हाना ती चालू लागली होती, घराच्या दिशेने. दादा पस्तिशीचा होता तेव्हाची गोष्ट. त्याने तीन वर्षांपूर्वी पाणीपुरवठा खात्यात नोकरी धरली होती, उदंचन केंद्रात, पंप बघायची. नानांना ते कमीपणाचं वाटायचं. शेजारी कुणी विचारलं तर "तात्पुरतं आहे, सल्लागार म्हणून जातो" म्हणायचे आणि घरात त्या कामाचा विषय निघाला की पेपर उघडायचे. वाचनालयातल्या एका मुलीशी दादाचं जुळत होतं. नाना म्हणाले, राहूची महादशा चालू आहे, अठरा वर्षांची, त्यात घेतलेला निर्णय टिकत नाही, गुरू लागू दे. मुलीने दोन वर्षं वाट पाहिली, मग दुसऱ्याशी लग्न केलं. त्या दिवशी ती, बहीण, दादावर तुटून पडली होती. तिचं स्वतःचं लग्न मोडून ती परत माहेरी आलेली, नोकरी, आईचं दुखणं, सगळं तिच्या अंगावर. आणि हा माणूस खिडकीत बसून नखं कापत होता. "तू काही करत का नाहीस रे? नुसता बसून राहतोस. फुकटचा महापुरुष." नेलकटर थांबलं. मग तो हसला. "चलितात बाराव्यात गेलाय गं गुरू. दिसतो पहिल्यात, राहतो बाराव्यात." तिला वाटलं, टाळतोय. ती दार आपटून गेली. फुकटचा महापुरुष. हे शब्द तिने उच्चारले होते, हे शब्द आता कुठे ठेवायचे?

आणि नऊ मार्च. नानांच्या गणिताने नऊ मार्चला गुरूची महादशा लागली. आई तोवर नव्हती. नानांनी धुतलेला सदरा घातला, दादाला समोर बसवलं आणि त्याचे दोन्ही हात हातात घेतले. ब्याऐंशी वर्षांचा म्हातारा, आणि चेहरा असा, जणू वर्गात पहिला आलेला मुलगा. "आता बघ." दादा म्हणाला, "नाना, मला वाटतं तो आधीच आलाय. डिसेंबरातच." नाना हसले, दशेचं गणित मला शिकवतोस का म्हणाले. नानांसाठी तीही हसली. आता चालता चालता तिने ते गणित केलं, बोटांवर, कारण बुधाबाई होती ती. सतरा मिनिटांत चंद्र नऊ कला पुढे सरकतो, कला म्हणजे अंशाचा साठावा भाग. आठशे कलांच्या नक्षत्राला शुक्राची वीस वर्षं. नऊ कलांना पावणेतीन महिन्यांच्या आसपास. जन्मवेळ सतरा मिनिटं पुढे, तर जन्मदशेची शिल्लक तेवढी कमी, आणि पुढची प्रत्येक महादशा पावणेतीन महिने अलीकडे. नऊ मार्च नाही, डिसेंबरचा मध्य. डिसेंबरच्या मध्यालाच दादाच्या डोळ्यांत पिवळेपणा आला होता. तपासण्यांचे कागद त्याने तिला फेब्रुवारीत दाखवले. यकृत. शपथ घातली की नानांना सांगायचं नाही. "त्यांना हा गुरू बघू दे थोडे दिवस. पन्नास वर्षं वाट बघितलीय त्यांनी." गुरूचा अवयव यकृत, हे तिला ठाऊक होतं. सिंह लग्नाला गुरू आठव्याचा, म्हणजे मृत्यूच्या घराचा मालक, आठव्याचा मालक बाराव्यात, हे तिला आत्ता, या वळणावर, औषधाच्या दुकानासमोर कळत होतं, आणि दादाला एकोणिसाव्या वर्षापासून कळलेलं होतं. त्याने त्यावर विश्वास ठेवला होता का, कुणास ठाऊक. तो देवाचं नाव घेतानाही अर्धवट हसायचा. पण त्याला हे माहीत होतं की घरात एक चित्र टांगलेलं आहे, त्यात त्याचा चेहरा काढलेला आहे, आणि ते उतरवलं तर भिंतीला भोक दिसेल. तो त्या चित्राखाली उभा राहिला. नाना सल्लागार म्हणाले तर सल्लागार. गुरू लागल्यापासून वीस महिन्यांत तो गेला. गुरूच्या महादशेत गुरूचीच अंतर्दशाही संपली नव्हती.

घराचं दार उघडंच होतं. नाना जेवणाच्या टेबलाशी बसले होते, पुढ्यात जुनं पंचांग, लॉगॅरिथमची पुस्तिका आणि शाळेच्या वहीचे कागद. सहा आठवडे ते हेच करत होते. जेवायचे, झोपायचे, भेटायला येणाऱ्याला ओळखायचेही, आणि मग पुन्हा इथे येऊन बसायचे.

"आलीस? बघ जरा," ते म्हणाले. "सातव्या घराचे आकडे नीट आहेत का बघ, मला दिसत नाही. परमोच्चीचा गुरू लग्नात असताना गुरूच्या दशेत गुरूच मारक होतो कसा? कुठेतरी माझी बेरीज चुकते आहे. अयनांश चुकला असेल. रेखांतराची मिनिटं मी कदाचित..."

"नाना."

"रेखांतराची मिनिटं उलटी धरली असतील तर..."

"नाना, बारा अठ्ठावन्न."

त्यांचा हात कागदावर होता तो तसाच राहिला. पेन्सिल निसटून टेबलावरून घरंगळत कडेला गेली आणि तिने ती पडायच्या आत धरली. हे सगळं रागाने विचारायचं तिने वाटेत ठरवलं होतं. शब्दसुद्धा जुळवले होते. पण नानांचा चेहरा बघून तिला वाटलं की हे बारा अठ्ठावन्न त्यांनीही फार वर्षांत ऐकलेलं नाही. खोल विहिरीत टाकलेली घागर वर यावी तसं ते हळूहळू त्यांच्या डोळ्यांत आलं. त्यांना विसर पडला होता. खरंच विसर पडला होता. खोट्या वेळेवरचं गणित का जुळत नाही म्हणून माणूस सहा आठवडे रात्रंदिवस खपत होता.

"कुणी सांगितलं?"

"नोंदवहीत आहे."

नानांनी चष्मा काढला. खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी मागे घेत होतं.

"निळा पडला होता," ते म्हणाले. "रडलाच नाही. डॉक्टर म्हणाले, उद्यापर्यंत बघू. तुझ्या आईने त्याला जवळ घ्यायलाच नकार दिला. जायचंय तर मला त्याचा लळा नको, म्हणाली. भिंतीकडे तोंड करून झोपली. मी बाहेर बाकावर बसून कागदावर मांडलं. सिंह लग्न. गुरू बाराव्यात. मला तेव्हा एवढंच दिसलं, बारावा. आत गेलो तर ती माझ्या तोंडाकडे बघत होती. तिला माहीत होतं मी काय करून आलोय." त्यांनी ओठ पुसले. "मी म्हटलं, कर्क लग्न आहे. हंस योग आहे. हा मुलगा जातो कुठला, शंभर माणसं ऐकतील याचं. तिने हात पुढे केले आणि त्याला घेतलं. पाजलं. संध्याकाळपर्यंत रडायला लागला, चांगला जोरात."

"आठ-दहा मिनिटांनी भागलं असतं. सतरा कशाला?"

"काठावर ठेवलं असतं तर कुणीतरी शंका काढली असती," नाना म्हणाले. गणिताच्या मास्तराच्याच सुरात. मग आवाज गेला. "पुढे सांगणार होतो तिला. तो चालायला लागला की सांगू. शाळेत गेला की सांगू. मग ती त्याला वाढताना बघायचो आणि... मग मलाच वाटायला लागलं की आहे. लग्न कर्केचंच आहे. तुझ्या पत्रिकेत काही करावं लागलं नाही बघ. तुझा भद्र होताच."

हे त्यांनी कौतुकाने म्हटलं की निमित्त म्हणून, तिला कळलं नाही. अठ्ठेचाळीस वर्षांत तिच्या योगाबद्दल ते दुसऱ्यांदा बोलत होते. तिला रागही आला नाही. ती समोरच्या खुर्चीवर बसली.

"एक सांग," नाना म्हणाले. ते टेबलाकडे बघत होते. "त्याला माहीत नव्हतं ना?"

हे येणार हे तिला कळायला हवं होतं. नाही म्हणणं किती सोपं होतं. जिभेवर आलेलंच होतं ते. या घरात दयेपोटी एक वेळ बदलली गेली, मग दयेपोटी एक कागद खिशात राहिला, आता दयेपोटी हे एक. नाही म्हटलं की म्हातारा आज रात्री झोपेल. आणि दादा? दादा कायमचा एक आळशी, कमनशिबी माणूस राहील, ज्याच्या हंसाने त्याला दगा दिला. त्याने जे केलं ते कुणालाच कळणार नाही. तिने दोन्ही तळहात टेबलावर टेकले.

"माहीत होतं," ती म्हणाली. "एकोणीस वर्षांचा असल्यापासून. त्याने उतारा काढला होता. त्याची सही आहे तिथे."

नानांनी मान वर केली. तिला वाटलं ते रडतील, किंवा तिच्यावर ओरडतील. त्यांनी नुसतं विचारलं, "मग तो थांबला कशाला?"

उत्तर त्यांना हवं नसावं. त्यांनी समोरचे सगळे कागद एकावर एक ठेवून बाजूला सारले, वहीतून एक कोरा कागद फाडला आणि तिच्यापुढे सरकवला. "माझा हात थरथरतो. चौकोन तू काढ. सिंह लग्न मांड." तिने रेघा ओढल्या. बारा घरं झाली. नाना ग्रह सांगत गेले, पंचांगात न बघता, आणि ती लिहीत गेली. गुरू बाराव्यात. चंद्र पाचव्यात. रवी मेषेत, नवव्यात. तिथे त्यांनी तिच्या मनगटावर हात ठेवला.

"थांब."

ती थांबली. नाना कागदावर वाकले, नाक टेकेल इतके. त्यांच्या श्वासाने कागदाची कड हलत होती.

"हा मी बघितलाच नव्हता," ते म्हणाले. "त्या दिवशी गुरू बाराव्यात दिसला आणि मी घाबरून पुढचं वाचलंच नाही. सिंह लग्न, म्हणजे लग्नाचा मालक रवी. मालक म्हणजे तो स्वतः. तो उच्चीचा आहे, आणि नवव्यात आहे." त्यांनी बोट त्या घरावर ठेवलं आणि तिथेच ठेवलं. "नववं घर बापाचं. रवी हा ग्रहही बापाचाच. आपलं सगळं, जे काही बळ आहे ते सगळं, घेऊन तो जाऊन बसलाय..." वाक्य पुरं झालं नाही. त्यांनी तोंडावर हात धरला आणि खांदे हलू लागले, आवाज न होता, वर्गात हसू दाबणाऱ्या मुलासारखे. पण ते हसू नव्हतं. तिने उठून त्यांच्या पाठीवर हात ठेवला. पाठ किती लहान झाली होती, तिला हे सहा आठवड्यांत दिसलं नव्हतं. ती रडली नव्हती तेही तिला आत्ताच कळलं, कारण आता ती रडत होती.

बऱ्याच वेळाने नानांनी चष्मा चढवला. ऊन टेबलावरून खाली उतरून फरशीवर गेलं होतं. ते कागदाकडे बघत म्हणाले, "तिथे तो काय करायचा गं? त्या पंपाच्या जागी. मला नीट सांग."

"तुम्ही कधी विचारलं नाहीत."

"नाही विचारलं. आता सांग."

तिने खुर्ची ओढून त्यांच्या जवळ घेतली. एकदा ती डबा द्यायला गेली होती तिथे, ते आठवून तिने सांगायला सुरुवात केली. चार मोठे पंप आहेत, हिरवे रंगवलेले, पुरुषभर उंचीचे. एका वेळी तीन चालतात, चौथा विसाव्याला. भिंतीवर दाबाच्या तबकड्या आहेत, दर तासाला आकडे बघून लिहायचे. पण तो तबकडीकडे नंतर बघायचा. आधी पाइपावर हात ठेवायचा, असा, सपाट, आणि डोळे मिटायचा. बेअरिंग बिघडणार असेल तर त्याला आधी हाताला कळायचं, काट्याला मागून. नवीन लोक आले की त्यांना तो हेच शिकवायचा.

"शिकवायचा?" नाना म्हणाले.

"हो. सगळे त्याच्याभोवती उभे राहायचे. त्याने हात ठेवला की बोलायचं कुणी नाही."

"कसा ठेवायचा हात?"

तिने त्यांचा हात उचलला, थरथरणारा, आणि टेबलावर पालथा, सपाट ठेवून दाखवला.